ख्यालीखुशालीची विचारणा (मराठवाडा)

ख्यालीखुशालीची विचारणा म्हणजे दोन ओळखीची माणसे भेटल्यावर अभिवादनापाठोपाठ एकमेकांना विचारला जाणारा "कसं काय?", "काय म्हणता?", "बरं हाय का?" अशा स्वरूपाचा प्रश्न आणि त्याला अपेक्षित असलेले ठरावीक उत्तर. हा प्रश्न रूपाने माहिती मागणारा असला तरी बहुतेक वेळा त्याचे काम माहिती मिळवणे हे नसते. समोरच्याची दखल घेतली आहे, मागच्या भेटीपासून संबंधात काही बिघडलेले नाही आणि पुढे बोलणे वाढवायचे असल्यास वाट मोकळी आहे, एवढे या देवाणघेवाणीतून कळते. ही प्रथा जगभर निरनिराळ्या रूपांत आढळते. प्रस्तुत नोंदीत तिचा विचार मराठवाड्यातील, विशेषतः लातूर, धाराशिव, बीड व नांदेड या जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातील व्यवहाराच्या आधारे केला आहे.

मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्हस्की यांनी 1923 मध्ये अशा बोलण्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. प्रकृतीची चौकशी, हवामानावरील शेरे, सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींची पुनरुक्ती यांतून विचार पोचवला जात नसून माणसांमधील बंध जोडला जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोन माणसे समोरासमोर आली असता शांतता पाळणे हे अनेक समाजांत तटस्थपणाचे नव्हे, तर वैराचे किंवा रुसव्याचे लक्षण मानले जाते, ही त्यांची नोंद मराठवाड्यातील गावालाही लागू पडते. बांधावरून किंवा वाटणीवरून भाऊबंदकी उभी राहिली की "आमचं बोलणं बंद आहे" असे सांगितले जाते, आणि त्याची पहिली उघड खूण म्हणजे रस्त्यात भेटूनही "कसं काय" न विचारणे.

विचारणेच्या आधी येणारे अभिवादन आणि विचारणा या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. "राम राम", "जय भीम", वारकऱ्यांमधील "राम कृष्ण हरी", मुस्लिम कुटुंबांतील "अस्सलामु अलैकुम" ही अभिवादने बोलणाऱ्याची किंवा समोरच्याची ओळख सांगतात आणि त्यांचे उत्तर बहुधा त्याच शब्दांनी, किंवा सलामाच्या बाबतीत ठरलेल्या प्रतिशब्दांनी, दिले जाते. विचारणा मात्र सर्वांची जवळपास सारखी असते. 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता, दखनी व उर्दू बोलणाऱ्यांचा शेजार त्याही आधीपासूनचा असल्यामुळे "खैरियत?" हा प्रश्न आणि "दुवा है आपकी" हे उत्तर मराठी बोलणाऱ्या जुन्या माणसांनाही परके वाटत नाही. कधीकधी विचारणा प्रकृतीऐवजी दुसऱ्याच गोष्टीची असते. "कुणीकडं निघालाव?", "चहा झाला का?", "पाऊसपाणी काय म्हणतंय तुमच्याकडं?" हे प्रश्न त्याच जातीचे आहेत. बाहेरून बदलून आलेल्या नोकरदाराला "कुणीकडं?" हा प्रश्न भोचकपणाचा वाटतो आणि तो एकतर त्रासतो किंवा तालुक्याच्या कोणत्या कचेरीत काय काम आहे याचा तपशील देऊ लागतो. प्रत्यक्षात "हे, इथंच जरा" एवढे उत्तर पूर्ण समजले जाते व विचारणारा त्यावर समाधानी असतो.

"कसं काय?" या प्रश्नाला अपेक्षित उत्तर मधल्या पट्टीतले असते: "बरं हाय", "हाय की निवांत", "बरं हाय, तुमचं?" उलट विचारणा करणे हा उत्तराचा जवळपास अनिवार्य भाग आहे, ती गाळल्यास उत्तर तुटक वाटते. फार चांगले उत्तरही जपून दिले जाते. "एकदम मजेत" हे तरुण मित्रांमध्ये चालते, पण वडीलधाऱ्यांसमोर किंवा अडचणीत असलेल्या माणसासमोर ते मिरवल्यासारखे वाटते, आणि दृष्ट लागण्याचा धाक मानणारी माणसे ते टाळतात. म्हणून खरोखर चांगले चाललेले असताना "तुमच्या आशीर्वादानं बरं हाय" किंवा "पांडुरंगाची कृपा" असे म्हणून श्रेय दुसरीकडे दिले जाते.

वाईट चाललेले असतानाही माणसे "बरं हाय" का म्हणतात, याचे सर्वांत समाधानकारक स्पष्टीकरण समाजशास्त्रज्ञ हार्वी सॅक्स यांनी दिले आहे. 1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विवेचनानुसार येथे प्रश्न प्रामाणिकपणाचा नसून पुढच्या पायरीचा आहे. "बरं नाही" असे उत्तर दिले की विचारणाऱ्याला "का, काय झालं?" असे विचारावेच लागते, आणि ते विचारले की सांगणाऱ्याला कारण सांगावे लागते. ते कारण या माणसाला सांगण्याजोगे नसेल, तर मुळात ती साखळी सुरूच होऊ न देणे हाच उपाय उरतो. मुलीची सोयरीक मोडली असेल, बँकेची नोटीस आली असेल किंवा घरात वाद असेल, तर हे चुलत्याला सांगता येते. बसमध्ये शेजारी बसलेल्या ओळखीच्या दुकानदाराला सांगता येत नाही. दोघांनी एकाच दिवशी "कसं काय?" विचारले तर दोघांना वेगळी उत्तरे मिळतात आणि त्यात कोणालाही फसवल्याची भावना नसते.

"बरं हाय" आणि "बरं नाही" यांच्या मधोमध एक तिसरे उत्तर आहे, आणि मराठवाड्यातील व्यवहारात तेच सर्वांत कामाचे आहे: "चाललंय." किंचित लांबवून म्हटलेले "चाललंय बघा", "चाललंय आपलं", "काय म्हणावं, चाललंय" या उत्तरांनी तक्रार केली जात नाही, पण तक्रार असल्याचे सूचित होते. संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफरसन यांनी 1980 मध्ये इंग्रजी संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांवरून अशाच उत्तरांचा अभ्यास केला होता. वरकरणी ठीक, पण नेहमीच्या उत्तराहून जरा खालच्या सुरातले उत्तर अडचणीची चाहूल देते. पुढे विचारायचे की नाही हे मात्र विचारणाऱ्यावर सोपवते, असे त्यांना आढळले. "चाललंय"ची सोय नेमकी हीच आहे. विचारणारा घाईत असेल किंवा त्याला गुंतायचे नसेल, तर तो ते साध्या "बरं हाय"सारखे घेऊन पुढे जातो आणि दोघांचीही पत राहते.

ऑक्टोबरात, सोयाबीनची रास सुरू असताना, आठवडी बाजारात दोन शेतकरी भेटल्याचे उदाहरण घेता येईल.

"राम राम, आण्णा."
"राम राम. काय म्हणता?"
"काय न्हाई, चाललंय बघा."
"का वो? रास झाली न्हवं?"
"झाली की. पण गंजीलाच भिजली. आडतीवर दाखवलं तर वल हाय म्हणून भाव पाडलालेत."
"आमच्याकडं बी तेच हाय. वाळवून बघा दोन दिवस ऊन पडलं तर."
"बघू, आता काय करता. तुमचं बरं हाय का? लेकरं कशी हायत?"
"हायत बरी."

पहिल्या दोन ओळींत अभिवादन व विचारणा पूर्ण होते. तिसऱ्या ओळीत "काय न्हाई" हे सांगण्याची सक्ती स्वतःवरून काढून टाकते आणि "चाललंय बघा" ती वाट पुन्हा अर्धी उघडते. खरा निर्णय चौथ्या ओळीत होतो. आण्णांनी तेथे "हां, चालायचंच" असे म्हटले असते तर विषय संपला असता. पण त्यांनी नेमके पिकाचे नाव घेऊन विचारले, म्हणजे ऐकायला ते तयार आहेत. त्यानंतरच अडचण बाहेर येते, आणि तीही सर्वांवर सारखीच पडलेली असल्यामुळे सांगण्यास सोपी असलेली. सोयाबीनमध्ये 12 टक्क्यांहून अधिक ओलावा असला की बाजारात भाव तोडला जातो, हे दोघांनाही माहीत असल्याने त्यावर अधिक बोलावे लागत नाही. याच शेतकऱ्यावर सावकाराचेही देणे असेल, तर ते येथे येत नाही. बाजारात उभ्याने सांगण्याची ती गोष्ट नव्हे. "बघू, आता काय करता" हे वाक्य अडचणीचा विषय बंद करते आणि लगेच उलट विचारणा येते. ती सुरुवातीलाच यायला हवी होती, पण मधल्या बोलण्यामुळे मागे राहिली होती. सांगणाऱ्याने ती विसरता कामा नये. आपलेच रडगाणे लावून निघून गेलेल्या माणसाविषयी मागाहून नापसंती व्यक्त होते.

विचारणा खरी आहे की रीतीची, हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. चालत्या मोटारसायकलवरून आलेल्या "काय म्हणता!"ला हात वर करणे पुरते, गाडी बंद करून पाय टेकवले तर दोनचार वाक्यांची तयारी आहे असे समजावे. प्रश्नात नेमकी व्यक्ती किंवा गोष्ट आली, उदाहरणार्थ "मायची तब्येत कशी हाय?", तर विचारणाऱ्याला आधीचे काही माहीत आहे आणि त्याला ताजी बातमी हवी आहे. "आता" हा शब्द जोडला की प्रश्नाचा प्रकारच बदलतो: "आता कसं हाय?" याला नुसते "बरं हाय" म्हणणे हे टाळणे ठरते. विरहाच्या काळावरही विचारणेची लांबी ठरते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली बीड जिल्ह्यातील कुटुंबे हंगाम संपल्यावर परततात, तेव्हा त्यांची विचारणा एका प्रश्नावर भागत नाही. घरच्या प्रत्येकाचे नाव घेऊन, जनावरांसह, चौकशी होते आणि उत्तरेही तशीच सविस्तर अपेक्षित असतात. वृद्धांना वेगळी सूट आहे. त्यांनी गुडघ्यांपासून झोपेपर्यंत सगळे सांगितले तरी ते रीतीबाहेरचे मानले जात नाही, आणि ऐकणाऱ्या लहानाने मध्येच उठणे मात्र बरे दिसत नाही.

मृत्यू झालेल्या घरी भेटायला गेल्यावर ही विचारणा पूर्णपणे गळते. तेथे "कसे आहात?" विचारणे क्रूर वाटते, कारण रीतीचे उत्तर खोटे ठरते व खरे उत्तर सर्वांसमोर आहे. काही वेळ न बोलता बसून मग "कसं झालं?" असे विचारले जाते, म्हणजे माणसाऐवजी घटनेविषयी. निघतानाही नेहमीचे "येतो" अनेक घरांत टाळतात.

दवाखान्यात या प्रथेचा व्यावहारिक अडथळा होतो. डॉक्टरने आपुलकीने "काय बाबा, कसं काय?" असे विचारले की रुग्ण सवयीने "बरं हाय" म्हणतो, कारण त्याने तो प्रश्न अभिवादनाचा समजलेला असतो, डॉक्टरने तो तपासणीचा समजला असेल तर सुधारणा झाल्याची नोंद चुकून होऊ शकते. वडीलधारे रुग्ण आणि सोबत सासरची माणसे असलेल्या स्त्रिया यांच्या बाबतीत हे अधिक घडण्यासारखे आहे, कारण चारचौघांत दुखणे उगाळणे त्यांना अवघड वाटते. म्हणून रीतीची विचारणा उरकल्यावर "मागच्या गोळ्यांनी खोकला कमी झाला का? रात्री झोप लागते का?" असे वेगळे, नेमके प्रश्न विचारणे आवश्यक ठरते, त्यांना "बरं हाय" हे उत्तर बसत नाही.