प्रतिजैविक कारभार व परिचारिका

प्रतिजैविक औषध योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत, योग्य वेळी व आवश्यक तितकेच दिवस मिळावे, यासाठी रुग्णालयात राबवलेली देखरेखीची पद्धत. इंग्रजीतील ‘अँटिमायक्रोबियल स्टुअर्डशिप’ या संज्ञेचे श्रेय सामान्यतः मॅकगोवन व गेर्डिंग यांच्या 1996 मधील लेखाला दिले जाते. वापरावर निर्बंध घालण्याची प्रथा मात्र त्याहून जुनी असल्याने 1996 हे संज्ञेचे वर्ष मानावे, पद्धतीचे नव्हे. मराठीत ‘व्यवस्थापन’ हा प्रतिशब्द रूढ आहे. त्यात साठा आणि खरेदीचाच अर्थ आधी डोकावतो. दुसऱ्याची ठेव जपून वापरणाऱ्या माणसाला आपण कारभारी म्हणतो, म्हणून प्रस्तुत नोंदीत ‘कारभार’ हा शब्द पसंत केला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने (आयसीएमआर) याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे 2018 मध्ये प्रसिद्ध केली.

औषध डॉक्टर लिहितात, परंतु ते शिरेत केव्हा व किती जाते हे परिचारिकेच्या हाती असते.

*रक्ताचे कल्चर.* रक्तात जंतू आहेत का हे पाहण्यासाठी ते प्रयोगशाळेत वाढवून बघतात. त्यासाठी प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाआधी रक्त घ्यावे, हा नियम. कॅनडा व अमेरिकेतील तीव्र सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागलेल्या, रुग्णांवरील, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोसाआधीच्या कल्चरांपैकी 31.4 टक्के, तर डोसानंतर दोन तासांच्या आत घेतलेल्यांपैकी 19.4 टक्के कल्चरांत जंतू वाढले. प्रौढात दोन वेगळ्या जागांहून बाटल्यांचे दोन संच घेतात. प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिलि. रक्त लागते, कारण रक्तातील जंतू विरळ असतात आणि 3 मिलि.मध्ये ते सहज निसटतात. क्लोरहेक्झिडीन हे जंतुनाशक लावल्यावर त्वचा वाळू द्यावी लागते. वाळवलेल्या जागेला पुन्हा बोट लावून शीर चाचपली की मेहनत वाया जाते. दोन संचांपैकी एकातच त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस वाढला, तर बहुधा तो भेसळ असतो. तरीही त्यापायी व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक सुरू झाल्याची उदाहरणे वॉर्डात नवी नाहीत. कल्चरसाठी डोस मात्र रेंगाळू देत नाहीत: रक्त मिळत नसेल, तर सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे संसर्गाने रक्तदाब धोकादायक घसरला असताना, औषध आधी.

*डोसाची वेळ.* सेप्टिक शॉकमध्ये पहिला डोस तासाभरात द्यावा, याबाबत फारसे दुमत नाही. तासागणिक जगण्याची शक्यता 7.6 टक्क्यांनी घटते, हा 2006 चा बहुउद्धृत आकडा जुन्या नोंदी तपासून काढलेला व केवळ शॉकच्या रुग्णांचा आहे. साध्या तापाला तो लावणे योग्य नाही. पहिल्या डोसाकडे सर्वांचे लक्ष असते, घोटाळा दुसऱ्यात होतो. समजा, तातडीच्या विभागात 15.20 ला पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम 4.5 ग्रॅम दिले व दर सहा तासांनी द्यायचे ठरले. रुग्ण वॉर्डात आली. तिथल्या तक्त्यावर 6, 12, 18, 24 असे ठोकळ तास आहेत. 18 चा डोस ‘आत्ताच तर झाला’ म्हणून गाळला, तर पुढचा 24 ला, म्हणजे आठ तास चाळीस मिनिटांनी. मूत्रपिंडे ठीक असताना या औषधाचा अर्धायुकाल सुमारे एक तास असतो. पेनिसिलिन गटाची मारकता शिखरपातळीपेक्षा, जंतुरोधक पातळीच्या वर औषध किती वेळ राहते यावर ठरते, म्हणून ही पोकळी महागात पडते. परिचारिकेने पहिल्या डोसाची खरी वेळ केसपेपरवर लिहावी व 21.20 चा डोस मागून घ्यावा. तक्त्याशी मेळ नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने घालता येतो.

दुसरी गळती नळीत असते. औषध 100 मिलि. सलाईनमध्ये मिसळले, बाटली रिकामी दिसताच संच काढला आणि नळीत 20 मिलि. राहिले, तर 4.5 पैकी 0.9 ग्रॅम औषध कचऱ्यात जाते. तक्त्यावर मात्र ‘दिले’ अशीच सही असते. नळी सलाईनने धुऊन घेतल्यास ते शिरेत पोहोचते.

वरील रुग्णाच्या कल्चरमध्ये तिसऱ्या दिवशी सेफ्ट्रिअॅक्झोनला दाद देणारा ई. कोलाय वाढला, तर राउंडला ‘अहवाल आलाय सर, हेच चालू ठेवायचं का?’ असे विचारणे हा कारभाराचाच भाग होय. मोजक्याच जंतूंवर चालणारे, अरुंद पल्ल्याचे औषध पुरेल का, तोंडाने देता येईल का, हे तेव्हा ठरते.

*रुग्णशिक्षण.* यावरील अभ्यास तुलनेने थोडे आहेत. सिप्रोफ्लॉक्सॅसिनची गोळी दुधाबरोबर घेतल्यास कॅल्शियमशी बांधली जाऊन कमी शोषली जाते. ‘गोळी गरम पडते, दुधासोबत घे’ ही घरगुती शिकवण इथे आडवी येते. लोह व अँटासिडबाबतही तेच. अशा वस्तूंच्या दोन तास आधी गोळी घ्यावी. ‘कोर्स पुरा करा’ या सूचनेवर 2017 पासून वाद आहे, कारण जास्त दिवस घेतल्याने प्रतिरोध टळतो असा पुरावा सापडत नाही. तथापि क्षयरोगात दीर्घ उपचार अटळ असल्याने सरसकट ‘बरे वाटले की थांबा’ असेही सांगता येत नाही. घरी जाताना चिठ्ठीवर शेवटच्या डोसाची तारीख लिहून देणे व उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी जपून ठेवू नका असे सांगणे, एवढे निर्विवाद मानले जाते.