शून्य बाइटच्या फाइलमागे दडलेले आठ जीबी

सोलापूरच्या चाटी गल्लीत माझ्या मामांचं चादरी आणि टॉवेलचं दुकान आहे. गेल्या महिन्यात त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बघ की जरा. गॅलरीत काय बी नाय, अन् जागा संपली म्हणायलंय." फोन 64 जीबीचा, तीन वर्षं वापरलेला. गॅलरीत खरंच चारशेच्या आसपास फोटो होते, तेही बरेचसे गड्ड्याच्या यात्रेचे आणि नातवंडांचे. तरी बिलाचा एक फोटो काढायला गेलं की जागा नसल्याचा निरोप यायचा. मोबाइलच्या दुकानात एकाने त्यांना सांगितलं होतं, "व्हायरस आहे, तोच जागा खातो, फोन बदला."

व्हायरस नव्हता. मामांचा धंदाच त्या फोनमध्ये साठत गेला होता आणि गॅलरीला तो दिसत नव्हता. गॅलरीला का दिसत नव्हता, हे समजलं की बाकीचं सगळं उलगडतं.

गॅलरी उघडली की ती फोनची सगळी साठवण चाळत असेल, असं आपण धरून चालतो. ती तसं करत नाही. हजारो फोल्डरांतल्या लाखभर फाइली दर वेळी चाळायच्या तर गॅलरी उघडायलाच मिनिटं लागतील. म्हणून अँड्रॉइड एक वही ठेवतं. तिचं नाव मीडियास्टोअर. हा एक लहानसा डेटाबेस आहे. कुठली फाइल कुठे आहे, केव्हाची आहे, केवढी आहे आणि ती चित्र आहे, व्हिडिओ आहे की आवाज, हे त्यात लिहिलेलं असतं. नवी फाइल आली की मीडिया स्कॅनर तिची नोंद करतो. गॅलरी फक्त ही वही वाचते, आणि 'चित्र' किंवा 'व्हिडिओ' असा शेरा असलेल्या ओळींचेच फोटो दाखवते. मामांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं की तुम्ही स्टॉकबुक बघताय, गोदामात शिरलाच नाहीत. स्टॉकबुकात एखाद्या गठ्ठ्यावर चादर म्हणून शेरा नसला, तरी गोदामातली जागा तो गठ्ठा अडवतोच.

आता शेरा का मिळत नाही ते बघू. एखाद्या फोल्डरमध्ये `.nomedia` नावाची फाइल असली, की त्या फोल्डरमधलं काहीही चित्र-व्हिडिओ म्हणून धरायचं नाही, असा स्कॅनरला नियम आहे. अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये तिथल्या फाइलींची नोंद होते, पण त्यापुढचा प्रकाराचा रकाना कोरा राहतो. ही `.nomedia` फाइल सहसा रिकामी असते, शून्य बाइटची. तिच्यात काय लिहिलंय याला महत्त्वच नाही, ती तिथे असणं पुरेसं. सोय मुळात फार शहाणपणाची आहे. ती नसती तर प्रत्येक ॲपची बटणं, स्टिकर, नकाशांचे तुकडे, सगळं घरच्या लग्नाच्या फोटोंमध्ये येऊन बसलं असतं. पण त्या फाइलीने फक्त दिसणं बंद होतं. जागा एक बाइटनेही कमी होत नाही.

मामांचा फोन मी वायरने संगणकाला जोडला, फाइल ट्रान्सफर निवडलं आणि हा फोल्डर उघडला:

```
Android/media/com.whatsapp.w4b/WhatsApp Business/Media/
  WhatsApp Business Images/Sent/
```

दुकानासाठी ते व्हॉट्सॲप बिझनेस वापरतात. साधं व्हॉट्सॲप असेल तर नावात `w4b` आणि `Business` नसतं, बाकी रचना तीच. हा `Sent` फोल्डर म्हणजे आपण पाठवलेल्या फोटोंच्या प्रतींचा. कॅमेऱ्याने काढलेला चार-पाच एमबीचा फोटो पाठवताना व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि ती लहान प्रत इथे ठेवतं. मूळ फोटो `DCIM/Camera` मध्ये असतो तसाच राहतो. म्हणजे पाठवलेल्या फोटोच्या आपल्याच फोनवर दोन प्रती झाल्या. यात चूक काही नाही. उद्या तुम्ही गॅलरीतून मूळ फोटो काढून टाकला, तरी संभाषणात तो दिसत राहावा यासाठी ही प्रत लागते. आणि प्रत्येक फोटो गॅलरीत दोनदा दिसू नये म्हणून या फोल्डरमध्ये `.nomedia` ठेवलेली असते.

त्या फोल्डरमध्ये सुमारे 46,000 फोटो होते. जुन्या फोनवरून उतरवून घेतलेला बॅकअप धरला तर पाच वर्षांचे, म्हणजे दिवसाला पंचवीसच्या आसपास. चादरीच्या व्यापाऱ्याला हे काहीच नाही. नवा नमुना यंत्रमागावरून उतरला की फोटो, गिऱ्हाइकाने रंग विचारला की फोटो, गठ्ठा ट्रान्सपोर्टला दिला की पावतीचा फोटो. एक प्रत सरासरी 180 केबीची. 46,000 गुणिले 180 केबी म्हणजे जवळजवळ 8.3 जीबी. शेजारच्या व्हिडिओंच्या `Sent` मध्ये आणखी तेवढीच भर होती, कारण मामा चादर उलगडून दाखवायचा छोटा व्हिडिओही पाठवतात.

आलेल्या फोटोंची गोष्ट थोडी वेगळी. वर्षापूर्वी मामेभावाने व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये `Media visibility` बंद केलं होतं. त्यानंतर आलेले फोटो गॅलरीत दिसेनासे झाले, आणि घरात सगळ्यांचा समज झाला की आता सुप्रभातचे फोटो साठत नाहीत. ते साठतच होते. आपोआप डाउनलोड वेगळ्या सेटिंगने चालू-बंद होतं आणि ते चालूच होतं. अशा लपलेल्या फोटो-व्हिडिओंचे सात जीबी झाले होते.

तेच ते फोटो शोधून काढणारी सोय फोनमध्ये असते, मग तिने काहीच कसं पकडलं नाही? मला या सगळ्यात सगळ्यात मजेशीर वाटलेला भाग हाच. अशी सोय चित्राकडे माणसासारखं बघत नाही. ती आधी फाइलींचा आकार जुळतो का पाहते. जुळला तर फाइलमधल्या सगळ्या बाइटवरून गणिताने एक छोटा अंक काढते, त्याला हॅश म्हणतात. हॅश सारखा असेल तर फाइली सारख्या. फाइलमधला एक बाइट जरी बदलला तरी हॅश पार वेगळा येतो. आता मामा काय करतात? निळ्या मोराच्या चादरीचा फोटो हुबळीच्या व्यापाऱ्याला पाठवताना व्हॉट्सॲपच्या पेनने त्यावर एक दर लिहितात, विजापूरच्या व्यापाऱ्याला दुसरा, पंढरपूरला तिसरा. तो मोर `Sent` मध्ये मला अकरा वेळा सापडला. माणसाला ही एकच चादर दिसते, हॅशला मात्र अकरा निरनिराळ्या फाइली.

काही न लिहिता पुन्हा दाबलेला फोटोही असाच निसटतो. जेपेग पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातले बारकावे ढोबळ करून लिहितात. आधीच ढोबळ झालेलं चित्र कोणी लहान करून परत दाबलं की आकडे पुन्हा थोडे सरकतात. सुप्रभातचा सूर्य चार जणांनी असा परत दाबून पाठवला तर डोळ्यांना तोच, आणि बाइटांच्या हिशोबात चौथाच.

व्हॉट्सॲपचं `Manage storage` उपयोगाचं आहे, पण ते 5 एमबीहून मोठ्या फाइली वेगळ्या काढून पुढे ठेवतं. तिथून मोठे व्हिडिओ चटकन सापडतात. 180 केबीचा फोटो त्या यादीत कधीच येत नाही, आणि मामांची जागा अशाच हजारो बारक्यांनी भरली होती.

कॅशबद्दल थोडक्यात. पुन्हा पुन्हा लागणाऱ्या गोष्टी ॲप आपल्या कॅश फोल्डरमध्ये ठेवतात. जागा कमी पडली की अँड्रॉइड तो भाग स्वतःच रिकामा करू शकतं, आणि अँड्रॉइड 8 पासून तर प्रत्येक ॲपला कॅशचा वाटा ठरवून दिलेला असतो. वाट्यापेक्षा जास्त वापरणाऱ्याची कॅश आधी जाते. `Clear cache` दाबल्याने मामांच्या फोनवर दीड जीबी सुटले, पण आठवड्यात त्यातले बरेच परत भरले. शेजारचं `Clear storage` मात्र समजून-उमजून दाबायचं, कारण त्याने लॉगिन आणि ॲपची माहितीसुद्धा जाते. मामींनी प्रवासात बघायला उतरवून ठेवलेली कीर्तनं आणि मालिका तीन जीबीच्या होत्या. ती डाउनलोड ॲपच्या आतल्या जागेत राहतात, तीही गॅलरीत दिसत नाहीत, आणि ती काढायची तर त्या-त्या ॲपच्या `Downloads` मध्ये जाऊनच.

एका टिचकीत फोन साफ करून देतो म्हणणाऱ्या ॲपच्या जाहिरातींना कृपा करून भुलू नका. अँड्रॉइड 6 पासून साध्या ॲपला दुसऱ्या ॲपची कॅश पुसण्याची परवानगीच मिळत नाही. मग ती ॲप ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात, म्हणजे तुमच्या वतीने पडद्यावरची बटणं दाबायची मुभा. ज्या फोनवरून बँकेचे व्यवहार होतात, त्यावर अनोळखी ॲपला ही मुभा देणं मला धोक्याचं वाटतं.

सफाई सुरू केल्यावर एक घोटाळा झाला. मामांनी गॅलरीतून जुने व्हिडिओ काढले आणि जागा तेवढीच राहिली. अँड्रॉइड 11 पासून काढून टाकलेला फोटो लगेच पुसला जात नाही, त्याचं नाव बदलतं:

```
.trashed-1718000000-IMG_20240508_101530.jpg
```

मधला आकडा म्हणजे 1 जानेवारी 1970 पासून मोजलेले सेकंद, आणि फाइल कायमची पुसायची वेळ तो सांगतो. हा आकडा 10 जून 2024 चा आहे. मुदत तीस दिवसांची, म्हणजे 8 मेला कॅमेऱ्याने टिपलेला हा फोटो 11 मेला कचऱ्यात गेला. नावाची सुरुवात टिंबाने होत असल्याने साध्या यादीत तो दिसत नाही आणि तीस दिवस जागा धरून बसतो. मामांच्या गॅलरीतली कचरापेटी रिकामी केली तेव्हा अडीच जीबी सुटले.

`Sent` मात्र थेट पुसू नका. पेनने दर लिहिलेला फोटो फक्त तिथेच असतो. व्हॉट्सॲपच्या आतल्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोचीही दुसरी प्रत असेलच असं नाही. आम्ही अख्खा फोल्डर संगणकावर उतरवला, दोन्हीकडची फाइलींची संख्या जुळवली आणि मगच गेल्या सहा महिन्यांच्या आधीचं फोनवरून काढलं. सगळं मिळून फोनमध्ये 21 जीबी मोकळे झाले.

चार दिवसांनी हुबळीहून फोन आला, दिवाळीत पाठवलेला मोर परत पाहिजे. मामांनी संभाषण उघडलं तर फोटोच्या जागी धूसर चौकोन. दुकानातल्या संगणकावर तारखेवरून तो दोन मिनिटांत सापडला, कारण `IMG-20231109-WA0041.jpg` अशा नावात पाठवल्याचा दिवस लिहिलेलाच असतो.