मीटर चालू असलेलं मशीन: ४ जीबीचा लॅपटॉप आणि क्लाउडवरचं कोडिंग

खानापूर, निपाणी, चिकोडीकडची बरीच मुलं ४ जीबी रॅमचा जुना किंवा सेकंडहँड लॅपटॉप घेऊन इंजिनिअरिंगला येतात. ब्राउझर, एडिटर आणि डेटाबेस एकदम उघडले की तो अडकतो. अशांना क्लाउडवरचं मशीन हा खरा पर्याय आहे, पण तिथे बिल कशाचं लागतं ते आधी कळायला हवं.

दुसऱ्याच्या मोठ्या संगणकावर काम करायची पद्धत जुनीच आहे. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत एकाच संगणकाचा वेळ अनेकांत वाटून देणारी प्रणाली दाखवली गेली. पुढे पीसी आले आणि वेळ मोजायची गरज संपली. २००६ मध्ये ॲमेझॉनने तासावर मशीन भाड्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हा मीटर परत आलं. २०१० मध्ये ब्राउझरमधला एडिटर क्लाउड9 आला. ॲमेझॉनने तो २०१६ मध्ये विकत घेतला आणि २०२४ मध्ये नव्या ग्राहकांसाठी बंद केला. म्हणून कोड फक्त अशा सेवेत ठेवू नये, रोज गिटवर पुश करावा.

विद्यार्थ्यांच्या आवाक्यात ही सोय आली ती नोव्हेंबर २०२२ मध्ये. ब्राउझरमधून वापरायचं क्लाउडवरचं मशीन देणाऱ्या गिटहब कोडस्पेसेस या सेवेने वैयक्तिक खात्यांना महिन्याला १२० कोअर-तास आणि १५ जीबी साठा मोफत दिला. दोन कोअरचं मशीन तासाला दोन कोअर-तास खातं, त्यामुळे ते घेतलं तर हे ६० तास होतात, म्हणजे रोज दोन तास. विद्यार्थी म्हणून पडताळणी झाली की १८० कोअर-तास मिळतात.

तास कुठे जातात ते बघा. टॅब बंद केला तरी मशीन लगेच थांबत नाही. ठरलेल्या सेटिंगप्रमाणे ते पुढची ३० मिनिटं चालूच राहतं. सकाळी आणि रात्री असं दोनदा बसलात, तर रोज एक तास, महिन्याला ३० तास, म्हणजे अर्धा कोटा काही न करता संपतो. टर्मिनलवर लॉग सतत छापला जात असेल तर तेही काम चालू असल्याचं धरलं जातं आणि मशीन थांबतच नाही. म्हणून Settings → Codespaces मध्ये Default idle timeout १० मिनिटांवर आणा, मशीन दोन कोअरचंच ठेवा, रीजन आग्नेय आशियाचा निवडा म्हणजे टाइप करताना अडखळ कमी जाणवते. उठताना सर्व्हर `Ctrl+C` ने बंद करा आणि लॅपटॉपवर गिटहबचं कमांड-लाइन टूल `gh` टाकलेलं असेल तर हे द्या:

```
gh codespace list
gh codespace stop
```

थांबवलेलं मशीनही साठ्याची जागा खातच राहतं, त्यामुळे संपलेल्या प्रोजेक्टचं `gh codespace delete` ने काढून टाका. उलट, ३० दिवस न उघडलेलं मशीन आपोआप पुसलं जातं. सेमिस्टरच्या सुट्टीत पुश न केलेला कोड असाच जातो.

खात्याला कार्ड जोडलेलं नसेल तर कोटा संपल्यावर बिल येत नाही, पुढच्या महिन्यापर्यंत मशीन सुरू होत नाही एवढंच. माझ्या मते विद्यार्थ्याने कार्ड जोडूच नये.

पावसाळ्यात खानापूरकडे वीज आणि नेट दोन्ही गेली की हे सगळं थांबतं. सी, जावा, पायथनची लहान प्रॅक्टिकल्स त्याच लॅपटॉपवर हलकं लिनक्स आणि एसएसडी टाकून नीट होतात. क्लाउडचे तास डेटाबेसवाल्या मोठ्या प्रोजेक्टसाठी राखावेत.