दोघंही सहा वर्षांचे, मग डोस वेगळा का?

ताई, काल तुम्ही विचारलंत, "मुलगा आणि भाचा दोघंही सहा वर्षांचे, मग तापाचं एकच औषध एकाला 4 मिली आणि दुसऱ्याला जवळजवळ 8 मिली कसं?" काउंटरवर गर्दी होती, म्हणून आता सविस्तर लिहितो.

वय सांगतं मूल किती वर्षांपूर्वी जन्मलं. औषधाला त्याच्याशी फारसं देणंघेणं नाही. ते शरीरात किती जागेत पसरणार, हे महत्त्वाचं, आणि त्याचा अंदाज वजनावरून येतो. बाटलीवर वयाचे गट छापतात ते त्या वयाचं सरासरी वजन धरून. मूल सरासरीत बसलं नाही, की तो आकडा चुकतो.

पॅरासिटामॉलचा एक डोस साधारण किलोमागे 15 मिलिग्रॅम धरतात. तुमचा मुलगा 14 किलोचा, म्हणजे 210 मिलिग्रॅम. भाचा 26 किलोचा, त्याला 390. तुमच्या सिरपमध्ये 5 मिलीत 250 मिलिग्रॅम औषध आहे, म्हणून एकाला 4.2 मिली आणि दुसऱ्याला 7.8. आता हेच उलटं झालं तर? भाच्याला मुलाचा डोस दिला, तर किलोमागे जेमतेम 8 मिलिग्रॅम पडतात. ताप उतरत नाही आणि घरचे तासाभरात पुन्हा चमचा भरतात. मुलाला भाच्याचा डोस गेला, तर किलोमागे जवळपास 28. दिवसातून चार वेळा, दोन-तीन दिवस असंच चाललं तर यकृताला इजा होऊ शकते. वाईट म्हणजे पहिल्या दिवशी मूल बरंच दिसतं.

मग उंची कशाला विचारतात? ताप-खोकल्याच्या औषधाला ती सहसा लागत नाही. पण कॅन्सरच्या बऱ्याच औषधांचा डोस शरीराच्या पृष्ठभागावर काढतात, कारण नुसतं वजन तिथं फसवतं. हिशेब असा:

√(उंची सेमी × वजन किलो ÷ 3600)

160 सेमी उंचीची 40 किलोची बाई घेतली, तर उत्तर 1.33 चौरस मीटर येतं. तेवढ्याच उंचीची 90 किलोची असेल, तर 2. वजन सव्वादोन पट झालं, पृष्ठभाग मात्र दीडपटच. नुसत्या किलोवर गेलो असतो, तर दुसरीला सव्वादोन पट औषध गेलं असतं.

वय अगदीच निरुपयोगी आहे, असंही म्हणणार नाही. नवजात बाळाचं यकृत आणि मूत्रपिंड अजून पक्व नसतं, उतारवयात मूत्रपिंड मंदावतं; तिथं वजनाच्या हिशेबातूनही डोस कमी करावा लागतो. आणि मूल कितीही वजनदार असलं, तरी मोठ्या माणसाच्या डोसच्या वर जायचं नाही.

एक राहिलंच. मुलाचं 14 किलो वजन सहा महिन्यांपूर्वीचं आहे असं तुम्ही म्हणालात. आज पुन्हा काट्यावर उभं करा आणि आकडा कळवा, 4.2 मिली मी त्यावरच काढलेत.