गाडी लागणं आणि हेडसेट लागणं

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना माझ्या मामेबहिणीला हमखास गाडी लागते. तिचा ठरलेला उपाय म्हणजे पुढच्या सीटवर बसायचं, लांब रस्त्यावर नजर लावायची आणि घाट संपेपर्यंत कळ काढायची. डोळ्यांवर चढवून सगळीकडे आभासी जग दाखवणारा व्हीआर हेडसेट पहिल्यांदा घातला तेव्हाही तिने हेच केलं. गेम रोलर कोस्टरचा होता. समोरच्या रुळांवर नजर रोखून ती नेटाने बसून राहिली आणि तीन मिनिटांत मोरीकडे धावली.

दोन्हीकडे मळमळ सारखीच असते, त्यामुळे उपायही सारखाच असेल असं वाटतं. पण कारण बरोबर उलटं आहे.

आपल्या कानाच्या आतल्या भागात शरीराचं वळणं आणि वेग बदलणं ओळखणारी यंत्रणा असते. घाटात बस वळते तेव्हा कानाला ते कळतं, पण डोळ्यांसमोर मात्र पुढच्या सीटची पाठ किंवा मोबाइल असतो आणि तो जागचा हलत नाही. कान म्हणतो हललो, डोळे म्हणतात नाही, आणि या भांडणातून मळमळ होते. हेडसेटमध्ये डोळे सांगतात की आपण उतारावरून सुसाट चाललोय, आणि कान सांगतो की आपण खुर्चीत बसलोय. कल्याण स्टेशनात शेजारची गाडी सुटली की क्षणभर आपलीच गाडी सुटल्यासारखं वाटतं ना, तोच भास हेडसेट सगळ्या बाजूंनी देतो आणि देतच राहतो.

म्हणून बसमध्ये खिडकीबाहेर पाहिलं की बरं वाटतं, कारण डोळ्यांना खरी हालचाल दिसू लागते आणि कानाशी त्यांचं जुळतं. हेडसेटमध्ये समोरचा पळता रस्ता निरखून पाहणं म्हणजे भांडण वाढवणं. तिथे डोळे मिटायचे. बसमध्ये डोळे मिटले तरी कानाला वळणं कळतच राहतात, हेडसेटमध्ये मात्र डोळे मिटताच भांडणातला एक पक्षच गप्प होतो. आधीची मळमळ लगेच जात नाही, पण वाढायची थांबते.

गेम निवडताना आणि सेटिंग लावताना हीच गोष्ट धरून चालायचं. कानाला एकसारखा वेग कळत नाही, वेगातला बदल आणि वळणं कळतात. त्यामुळे गेममध्ये सरळ रेषेत संथ चालणं एक वेळ सोसतं, पण हातातल्या कंट्रोलरची काडी ढकलून चित्र गर्रकन फिरवणं फार लवकर बाधतं. स्नॅप टर्न नावाचं सेटिंग लावलं की चित्र फिरत नाही, एका झटक्यात ३० किंवा ४५ अंशांनी बदलतं. मधलं फिरणं डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून तक्रारही नाही. टेलिपोर्टचं तसंच आहे. जिथे जायचं तिथे बोट दाखवायचं आणि थेट तिथे उभं राहायचं. स्वतःच्या पायांनी दोन पावलं चालणं तर सगळ्यांत निर्धोक, कारण तेव्हा डोळे आणि कान दोघेही खरंच सांगत असतात.

मात्र मोबाइल अडकवायचे स्वस्त डबे इथे उपयोगाचे नाहीत. त्यांना मान वळलेली कळते, पण आपण पुढे झुकलो किंवा पाऊल टाकलं ते कळत नाही. पुढे झुकलं तर सगळं जगच आपल्यासोबत पुढे सरकतं. असा डबा एकदा घालून ‘मला व्हीआर झेपत नाही’ असं ठरवलेली माणसं मला भेटली आहेत, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

बहिणीला मी महिन्याभराने पुन्हा बसवलं. पहिल्या दिवशी ‘जॉब सिम्युलेटर’ दिला. त्यात एका जागी उभं राहून हाताशी असलेल्या वस्तू उचलायच्या, टाकायच्या. १० मिनिटं खेळली, काही झालं नाही. मग ‘बीट सेबर’. त्यात ठोकळे आपल्याकडे येतात, आपण जागचे हलत नाही. मला धास्ती घामाची होती, कारण तो खेळूनही येतो आणि मळमळीनेही. खेळून आलेल्या घामात अंग गरम असतं, मळमळीच्या घामात गार पडतं. तिचं गरम होतं. तिसऱ्या दिवशी ‘वॉकअबाउट मिनी गोल्फ’ दिला, चेंडूपर्यंत टेलिपोर्टने जायचं असं सांगून. दोन होल झाल्यावर तिने उत्सुकतेपोटी सलग चालणं आणि सलग वळणं चालू केलं. थोड्याच वेळात तिला एकामागून एक जांभया यायला लागल्या आणि तोंडाला पाणी सुटलं. पोट ढवळण्याआधीची खूण हीच. मी हेडसेट काढायला लावला.

घाटात कळ काढावीच लागते, कारण पोलादपूर आल्याशिवाय सुटका नसते. इथे कळ काढली तर शरीर हेडसेटचाच धसका घेतं, आणि पुढच्या वेळी नुसता डोक्याला लावला तरी कसंसं होतं. प्रवासाआधी घेतात ती गोळीही पहिल्याच दिवशी नको. तिने झोप येते, आणि जांभई गोळीची की मळमळीची ते कळत नाही.

त्या दिवशी ती स्कूटरवरून आली होती. डोकं गरगरायचं पूर्ण थांबेपर्यंत मी तिला किल्ली दिली नाही. तासभर लागला.