लाल, गरम, सुजलेला पाय: शार्को की जंतुसंसर्ग?

छप्पन्न वर्षांचे एक किराणा दुकानदार माझ्याकडे आले ते तिसऱ्या अँटिबायोटिकच्या मध्यावर. मधुमेह सतरा वर्षांचा. महिनाभरापूर्वी दुकानाच्या पायरीवरून उतरताना उजवा पाय थोडा मुरगळला होता. दोन-तीन दिवसांत तो सुजला, लाल झाला, आणि हात लावला की तापलेल्या तव्याशेजारी हात नेल्यासारखं वाटे. घराजवळच्या डॉक्टरांनी सेल्युलायटिस म्हणजे त्वचेखालचा जंतुसंसर्ग समजून गोळ्या दिल्या. सूज थोडी उतरे, पुन्हा येई. गृहस्थ मात्र रोज आठ-आठ तास काउंटरमागे उभेच होते, कारण दुखत फारसं नव्हतं.

त्याच आठवड्यात साठीच्या एक बाई आल्या. त्यांचाही पाय लाल, गरम, सुजलेला होता. दारातून दोघांचे पाय पाहिले असते तर फरक सांगता आला नसता. पहिल्याला शार्को फूट होता आणि बाईंना अंगठ्याच्या हाडातला जंतुसंसर्ग. उपचार मात्र अगदी वेगळे. (नाव फ्रेंच डॉक्टर शार्को यांच्यावरून पडलंय. त्यांनी १८६८ साली सांध्यांच्या अशा पडझडीचं वर्णन केलं, पण ते मज्जारज्जूला झालेल्या सिफिलिसच्या रुग्णांमध्ये. मधुमेहाशी त्याचा संबंध १९३६ साली जोडला गेला. आपल्याकडे बरेच जण ‘चारकोट’ म्हणतात, त्यानं काही बिघडत नाही.)

शार्कोमध्ये जंतू नसतात. मधुमेहानं नसा बधिर झालेल्या पायाला लहानशी इजा होते. आपण लंगडलो असतो, पाय वर घेऊन बसलो असतो. बधिर पायाचा माणूस चालत राहतो. इजा झालेल्या जागी दाह सुरू होतो, दाहामुळे हाड खाणाऱ्या पेशी जागतात, हाड मऊ पडतं, त्यावर वजन येतं, आणखी तुटतं, आणखी दाह होतो. या चक्राला रक्तही भरपूर मिळतं. शार्कोच्या पायाच्या वरच्या बाजूला बोट ठेवा, नाडी टणटणीत लागते. म्हणूनच पाय एवढा गरम असतो.

जंतुसंसर्गात वाट वेगळी असते. मधुमेहाच्या पायात हाडापर्यंत जंतू पोचतात ते जवळजवळ नेहमी जखमेतून. त्वचा अखंड असताना हाडात जंतू सापडणं फार विरळ. म्हणून मी पहिली दहा मिनिटं जखम शोधण्यात घालवतो. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, नखाच्या कडा, चवड्याखालचा घट्टा, सगळं बघायचं. घट्टा खरवडून त्याच्या खाली पाहायचं, कारण कोरड्या, टणक दिसणाऱ्या घट्ट्याखाली कित्येकदा पुवाची पोकळी दडलेली असते. दुकानदारांच्या पायावर एक ओरखडासुद्धा सापडला नाही. बाईंच्या अंगठ्याखाली मात्र तीन आठवड्यांचा व्रण, म्हणजे न भरलेली उघडी जखम, होती. निर्जंतुक बोथट सळई त्यात हळूच घातली तर टोक दगडासारख्या टणक गोष्टीला लागलं. व्रणाच्या तळाशी हाड लागणं ही हाडातल्या संसर्गाची जोरदार खूण आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पाय वर करून पाहणं. रुग्णाला झोपवून पाय छातीच्या पातळीच्या वर दहा मिनिटं ठेवायचा. शार्कोचा लालपणा पुष्कळसा ओसरतो. सेल्युलायटिसचा लालपणा तिथंच राहतो. दुकानदारांचा पाय दहा मिनिटांत फिक्कट झाला, आणि त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “रात्री झोपल्यावर ह्यांचा पाय असाच बरा दिसतो, सकाळी दुकानात गेले की पुन्हा लाल.” निदानाचा अर्धा भाग या एका वाक्यात होता. ही चाचणी एकटीवर विसंबण्याइतकी पक्की मात्र नाही.

तिसरं, तापमान. दोन्ही पाय पंधरा मिनिटं उघडे ठेवून इन्फ्रारेड थर्मामीटरनं दोन्ही पायांच्या त्याच त्याच जागा मोजायच्या. दुकानदारांचा उजवा पाय मधल्या भागात ३४.६ अंश, डावा ३०.२. फरक ४.४ अंश. साधारण २ अंशांच्या वर फरक गेला की तो पाय ‘चालू’ आहे, म्हणजे आत दाह अजून सुरू आहे, असं धरतात. पण जंतुसंसर्गातही पाय गरमच असतो, त्यामुळे हा आकडा निदानासाठी तितका उपयोगी नाही. पुढे उपचार कसा चाललाय हे कळायला मात्र तो लाखमोलाचा आहे.

रक्ताच्या तपासण्यांवर लोकांचा फार भरवसा असतो, माझा थोडा कमी. शार्कोमध्ये पांढऱ्या पेशी आणि रक्तातला दाह दाखवणारा सीआरपी बहुधा फार वाढत नाहीत, दुकानदारांच्या पेशी ७,८०० होत्या आणि ताप नव्हता. पण मधुमेहाच्या रुग्णाला खरा संसर्ग असूनही ताप नाही, पेशी नॉर्मल, असं बरेचदा घडतं. उलट बाईंचा ईएसआर, म्हणजे दाह दाखवणारा रक्ताचा दुसरा आकडा, ९२ निघाला. ७० च्या वरचा ईएसआर व्रणासोबत आला तर हाडाबद्दल शंका घ्यावी. काही कारण नसताना साखर अचानक हाताबाहेर गेली तर तेही मनात ठेवावं. पू, वेगानं पसरणारी लाली, थंडी वाजणं, कातडीखाली चुरचुर, रक्तदाब उतरणं, यातलं काही दिसलं तर वाट पाहू नये, त्याच दिवशी भरती करून शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना दाखवावं.

आता एक्स-रे, आणि इथंच सगळ्यांत जास्त फसगत होते. दुकानदारांच्या पहिल्या एक्स-रेचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ होता, आणि त्या रिपोर्टनं त्यांना आणखी तीन आठवडे उभं ठेवलं. शार्कोच्या टप्प्यांची सर्वांत वापरातली मांडणी १९६६ साली आयकेनहोल्ट्झ यांनी केली, ती एक्स-रेवर आधारलेली आहे. पहिल्या टप्प्यात हाडांचे तुकडे होतात, सांधे निखळतात. दुसऱ्यात तुकडे जुळायला लागतात आणि सूज उतरते. तिसऱ्यात हाड पक्कं होतं, पण जो आकार तेव्हा असतो त्यातच. पुढे लक्षात आलं की या सगळ्याच्या आधी एक काळ असतो, जेव्हा पाय लाल-गरम असतो आणि एक्स-रेवर काहीच दिसत नाही. त्याला शून्य टप्पा म्हणतात. याच टप्प्यावर पकडलं तर पायाचा आकार वाचतो, आणि नेमका याच टप्प्यावर कागदावर ‘नॉर्मल’ लिहून येतं.

म्हणून उभं करून काढलेल्या एक्स-रेत काही नसेल आणि शंका असेल तर एमआरआय करतात. दुकानदारांच्या एमआरआयमध्ये पायाच्या मध्यभागातल्या लहान हाडांत आणि दुसऱ्या-तिसऱ्या बोटांच्या लांब हाडांच्या मुळाशी पाणी भरल्यासारखी सूज होती, बारीक भेगाही होत्या. ही सूज सांध्यांच्या दोन्ही बाजूंना, अनेक हाडांत पसरलेली होती आणि वरची कातडी शाबूत होती. बाईंच्या एमआरआयमध्ये सूज एकाच हाडात होती, व्रणाच्या नेमकी खाली, आणि व्रणापासून हाडापर्यंत वाट दिसत होती. शार्कोची आवड पायाचा मधला भाग, संसर्गाची आवड बोटं आणि टाच, म्हणजे जिथं जखमा होतात तिथं.

दोन्ही एकत्र असतील तर? शार्कोनं कमान कोसळली की तळवा होडीच्या तळासारखा खाली फुगतो, त्या उंचवट्यावर व्रण पडतो, व्रणातून जंतू आत जातात. अशा पायात एमआरआयसुद्धा गोंधळात पडतो. तिथं हाडाचा तुकडा काढून त्यातले जंतू वाढवून ओळखणारं कल्चर आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी हाच सर्वांत भरवशाचा निवाडा.

बाईंचा उपचार म्हणजे व्रण साफ करणं, कल्चरनुसार अँटिबायोटिक आणि व्रणावरचं वजन काढणं. हाड न काढता नुसत्या औषधावर ठेवलं तर बहुधा सहा आठवडे लागतात. रक्तपुरवठाही आधी तपासावा लागतो, कारण रक्तच पोचत नसेल तर औषध कुठून पोचणार?

दुकानदारांची अँटिबायोटिक मी त्याच दिवशी बंद केली. त्यांना लागलं प्लास्टर. “डॉक्टर, दुखत तर काही नाही, मग प्लास्टर कशाला?” “दुखत नाही, म्हणूनच,” मी म्हणालो. दुखत असतं तर त्यांनी पाय आपणच उचलून धरला असता. टोटल कॉन्टॅक्ट कास्ट हे गुडघ्याखालपर्यंतचं, पायाला अगदी चिकटून बसणारं प्लास्टर. ते घोटा हलू देत नाही आणि अंगाचं वजन तळव्याच्या एका बिंदूऐवजी सगळ्या पायावर आणि पोटरीवर पसरवतं. वेल्लोरला शस्त्रक्रियेचे डॉक्टर पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी हीच युक्ती वापरली होती, पुढे ती त्यांच्यासोबत अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेली. काढता न येणं हाच या प्लास्टरचा मोठा गुण. काढता येणारा बूट दिला तर माणूस रात्री बाथरूमला जाताना तो काढतोच, आणि त्या दहा पावलांत आठवड्याचं काम वाया जाऊ शकतं. उघडा संसर्ग असेल किंवा पायाला रक्त फारच कमी असेल, तर मात्र हे प्लास्टर करत नाहीत. बंद डब्यात काय चाललंय ते कळणार नाही.

पहिलं प्लास्टर पाचव्या दिवशी बदललं. सूज उतरल्यानं ते सैल झालं होतं, आणि सैल प्लास्टर बधिर पायावर घासून नवीन जखम करतं. मग दर आठवड्याला, पुढे दर पंधरा दिवसांनी. उजवीकडे प्लास्टरची जाडी आल्यानं डाव्या चपलेला तेवढीच उंची जोडली, नाहीतर कंबर दुखते आणि डाव्या पायावर भार येतो. तो पायही बधिरच आहे आणि त्यालाही शार्को होऊ शकतो, म्हणून त्याचंही तापमान प्रत्येक वेळी टिपलं.

चौथ्या आठवड्यात फरक २.९ झाला, दहाव्यात १.६. मग दिवाळी आली. दुकानात दोन दिवस ते पूर्ण उभे राहिले, प्लास्टरसकट. पुढच्या भेटीत आकडा ३ अंश होता. त्यांनी कबूल केलं नाही, थर्मामीटरनं केलं. आम्ही पुन्हा काठी आणि खुर्ची सुरू केली. एकूण सहा महिने लागले. लागोपाठ काही भेटींत फरक दोन अंशांच्या खाली राहिला, एक्स-रेवर भेगा भरल्या, तेव्हाच प्लास्टर उतरवलं. तेही थेट चपलेत नाही, आधी काही आठवडे काढता येणारा बूट, मग मापाचा, तळ वळलेला बूट. घाई केली तर सगळं पुन्हा सुरू होतं. हाडं मऊ पडू नयेत म्हणून वापरली जाणारी इंजेक्शनं बरेच जण सुचवतात, पण आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात त्यांची शिफारस नाही.

त्यांची कमान थोडी बसली, पूर्ण कोसळली नाही. आता काउंटरमागे उंच स्टूल आहे, आणि गल्ल्याशेजारी थर्मामीटर. रोज सकाळी त्यांच्या पत्नी दोन्ही पाय मोजतात आणि उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर आकडे लिहितात.