पोरका नायक (अद्भुतकथा)

बालकुमारांच्या अद्भुतकथांमधला नायक बहुधा अनाथ तरी असतो, नाहीतर निवासी शाळेत राहणारा. वाचकाच्या मनात करुणा जागवण्यासाठी लेखक असे करतात, हे नेहमीचे स्पष्टीकरण अपुरे आहे. खरी अडचण कथानकाची असते: आईवडील जवळ असतील तर मुलाला संकटात जाऊ देणार कोण?

नाशिकच्याच एका कल्पित गोष्टीवर हे ताडून पाहता येते. गंगापूर रोडवर राहणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला पांडवलेण्यांतल्या एका अंधाऱ्या विहारात, भिंतीमागे, दुसऱ्या जगात उतरणारा जिना सापडतो. ती चार पायऱ्या उतरते तोच आईचा फोन येतो, ‘कुठे आहेस? क्लास सुटून तास झाला.’ मुलगी खरे बोलली तर दुसऱ्या दिवशी बाबा सोबत येतील, पुरातत्त्व खात्याला कळवतील आणि जिन्याला कुलूप लागेल. खोटे बोलली तर प्रत्येक प्रकरणात नवी थाप लागेल आणि गोष्ट थापांचीच होऊन बसेल. आईला बेफिकीर दाखवावे तर वाचणारे मूल जिन्यापेक्षा त्या आईचाच विचार करत राहते. म्हणून लेखक पहिल्या पानाआधीच आईवडिलांना बाजूला करतो.

ही युक्ती लोककथांइतकी जुनी आहे. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये परीकथांच्या घडणीतल्या ३१ घटना क्रमाने मांडल्या. त्यांतली पहिलीच घटना म्हणजे घरातले कोणीतरी दूर जाणे; आईवडिलांचा मृत्यू हे त्यांनी तिचेच तीव्र रूप मानले. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात विश्वामित्र रामाला मागायला येतात तेव्हा दशरथ म्हणतो, माझा राम अजून सोळा वर्षांचाही नाही, मीच सैन्य घेऊन येतो. बाप जवळ असला की गोष्ट कशी अडते, ते इथे स्पष्ट दिसते. वसिष्ठांनी समजूत घातल्यावरच राम निघतो, आणि बला-अतिबला या विद्या त्याला घराबाहेर, वाटेवर मिळतात.

निवासी शाळेचा उपयोग याहून वेगळा. केवळ अनाथ मूल मोकळे असते, पण त्याला शिकवणारे कोणी नसते आणि मोडायला नियमही नसतात. वसतिगृहात दोन्ही मिळते. दिवे मालवायची वेळ ठरलेली असते, म्हणून रात्री बाहेर पडणे हेच साहस ठरते. नवख्या विद्यार्थ्याला सगळे समजावून सांगावे लागते, त्यामुळे वाचकालाही ते जग आपोआप कळते. इंग्लंडमध्ये शाळाकथांची परंपरा टॉमस ह्यूज यांच्या रग्बी शाळेवरच्या १८५७ च्या कादंबरीने रुजवली. मराठीत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात राहायला येतो; तिथे जादू नाही, पण सोय तीच आहे.

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटरमध्ये (पहिला भाग १९९७) दोन्ही युक्त्या एकत्र आल्या. हॅरी अनाथ आहे, मावशीकडे जिन्याखालच्या कपाटात झोपतो आणि अकराव्या वर्षी जादूच्या निवासी शाळेत जातो. त्याला जाऊ द्यायला मावशीचा नवरा विरोध करतो, पण तो विरोध मोडताना वाचकाला काहीच टोचत नाही. मायेच्या बापाचा विरोध असा मोडता आला नसता. मात्र यातून नवा प्रश्न उभा राहतो: दर उन्हाळ्यात हॅरी त्या छळणाऱ्या घरी का परततो? त्याचे उत्तर पाचव्या भागात (२००३) नीट मिळते. आईने त्याच्यासाठी जीव दिला. तिच्या रक्ताचे माणूस जिथे राहते, त्या घराला तो आपले म्हणतो तोवर तिथे तो सुरक्षित असतो.

युक्ती फसली आहे हे ओळखायची खूण सोपी आहे. सुरुवातीला पोरकेपण सांगितले जाते आणि पुढे एकदाही ते दुखत नाही, तेव्हा ती केवळ वाट मोकळी करण्याची सोय उरते. हॅरी मनातली इच्छा दाखवणाऱ्या आरशासमोर रात्रीमागून रात्र बसतो, कारण त्यात त्याला आईबाप दिसतात. त्या प्रकरणात पोरकेपणाची किंमत मोजली जाते.

आईवडिलांना मारणे हा काही एकच मार्ग नव्हे. सी. एस. लुइस यांच्या नार्नियामध्ये (१९५०) लंडनवरच्या हवाई हल्ल्यांमुळे चार भावंडांना खेड्यातल्या एका प्राध्यापकाच्या घरी पाठवले जाते. आईवडील मरत नाहीत, फक्त दूर राहतात. नाशिक जिल्ह्यात असे अंतर शोधायला युद्ध लागत नाही. सुरगाणा, पेठच्या आश्रमशाळांत राहणाऱ्या अनेक मुलांचे आईवडील द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीकडे मजुरीला जातात. संध्याकाळी अधीक्षिका हजेरी घेतात, दिवे मालवतात आणि मूल पत्र्याच्या पेटीवर हात ठेवून जागे राहते. अद्भुतकथेला लागते ती सगळी मोकळीक इथे आहे, आणि आई जिवंत आहे. अशा मुलीला भिंतीमागचा जिना सापडला, तर दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर ती आईला काय सांगेल, हे मात्र लेखकाला लिहावेच लागेल.